जिनिंगचा पंखा आणि १६० मीटरवरचं घर

जळगाव जिल्ह्यात, एरंडोल-पारोळ्याच्या पट्ट्यात, महामार्गापासून फार आत नसलेलं एक गाव. गावाबाहेर जिनिंग. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की तिथे दिवसरात्र काम चालतं. गंजीतला कापूस नळीतून ओढून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांकडे, म्हणजे जिनांकडे, नेण्यासाठी मोठा सक्शन पंखा लागतो. या पंख्याची हवा बाहेर फेकणारं तोंड शेडच्या गावाकडच्या भिंतीला होतं. तिथून गावातलं पहिलं घर १६० मीटरवर, मधे नांगरलेली काळी जमीन.

त्या घरातल्या आप्पांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला. बैठकीत ते उठून एवढंच म्हणाले, "रातले डोयाले डोया लागत नही भाऊ." जिनिंगवाल्या शेठजींनी लगेच एक कागद पुढे केला. पूर्वी त्यांनी एकाकडून मोजणी करून घेतली होती. पंख्याच्या तोंडापासून १ मीटरवर ९७ डेसिबल, आणि त्यावरून हिशोबाने घराजवळ ५३. दिवसाची मर्यादा ५५, म्हणजे सगळं नियमात. ध्वनिमापनाचं काम करत असल्यामुळे सरपंचांनी मला बोलावलं होतं, तो कागद खरा की आप्पांची झोप खरी हे पाहायला.

कायद्याचा भाग थोडक्यात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. आकडा त्या वेळेतल्या सरासरी पातळीचा आणि 'ए' भारणीचा धरायचा असतो. आवाज मोजणाऱ्या मीटरमध्ये ही भारणी लावली की माणसाच्या कानाला कमी ऐकू येणारे खर्जातले आवाज तितकेच कमी मोजले जातात. पंखा एकसुरी चालतो, त्यामुळे काही मिनिटांचं वाचन आणि रात्रभराची सरासरी यांत फारसा फरक पडत नाही. तक्रार रात्रीची होती, म्हणजे प्रश्न ४५ चा होता. शेठजींचा कागद ५५ शी तुलना करत होता, हे पहिलं खुपलं. पण त्यातला ५३ हा आकडा कुठून आला, ते जास्त महत्त्वाचं होतं.

पंख्याच्या तोंडापासून ५ मीटरवर, घराच्याच दिशेला, मीटर तिकाटण्यावर लावला. दिशा सांगायचं कारण असं की अशा तोंडातून समोर जितका आवाज जातो तितका मागे जात नाही. मागच्या बाजूला मोजून पुढचं घर काढता येत नाही. वाचन आलं ८८ डेसिबल. पंखा बंद करून पाहिलं तर तिथे ६० च्या आसपास, म्हणजे ८८ हा सगळा पंख्याचाच.

आता हिशोब. जमिनीवर ठेवलेल्या, सगळीकडे सारखा आवाज सोडणाऱ्या लहान स्रोताची ऊर्जा अर्ध्या गोलावर पसरत जाते. अर्ध्या गोलाचं क्षेत्रफळ 2πr². ५ मीटरवर ते १५७ चौरस मीटर, १६० मीटरवर सुमारे १,६०,८०० चौरस मीटर. अंतर ३२ पट झालं, क्षेत्रफळ ३२ चा वर्ग म्हणजे १०२४ पट. ऊर्जा तेवढीच असल्यामुळे दर चौरस मीटरच्या वाट्याला १०२४ पट कमी येते. व्यस्त वर्गाचा नियम तो एवढाच.

"हजार पट कमी? मग राहिलं काय?" शेठजींनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. गफलत होते ती पुढे, ८८ ला कशाने तरी भागायला गेलं की. डेसिबल हा तीव्रतेचा आकडा नाही, तो गुणोत्तराचा लॉगरिथम आहे. तीव्रता दहा पट घटली की पातळीतून १० वजा होतात, शंभर पट घटली की २०, हजार पट घटली की ३०. तीव्रतेत जो भागाकार, तो डेसिबलमध्ये वजाबाकी. अंतराचा वर्ग असल्यामुळे लॉगरिथमच्या आधीचे १० दुप्पट होऊन २० होतात:

```
L2 = L1 - 20·log10(r2/r1)
88 - 20·log10(160/5) = 88 - 30.1 = 57.9
```

कॅल्क्युलेटर नसला तरी चालतं. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी, हे लक्षात ठेवायचं आणि पावलं मोजायची. ५ चे १०, १० चे २०, मग ४०, ८०, १६०. पाच वेळा दुप्पट, पाच सक तीस. ८८ तून ३० गेले, राहिले ५८.

एक बाजूचा आकडा इथे सांगतो, कारण बैठकीत त्यानेच लोकांचे चेहरे बदलले. ५ मीटरवर ८८ डेसिबल म्हणजे दर चौरस मीटरला ०.०००६३ वॅट. त्याला १५७ ने गुणलं की पंख्यातून बाहेर पडणारी एकूण ध्वनिशक्ती येते: ०.१ वॅट. पंख्याची मोटर २५ हॉर्सपॉवरची, म्हणजे साडेअठरा हजार वॅटची. त्यातला दहावा हिस्सा वॅट एवढाच आवाज होतो आणि तो १६० मीटरवर एका माणसाची झोप घालवतो. कान इतके तिखट आहेत की हजार पट घट त्यांना पुरत नाही. लॉगरिथमची मोजपट्टी लागते ती यासाठीच.

मग त्या कागदावर ५३ कसे? मी १ मीटरवरही मोजलं. तिथे खरंच ९७ आले, मोजणाऱ्याने आकडा खोटा लिहिला नव्हता. पण ५ मीटरवरच्या ८८ वरून उलटं गेलं तर १ मीटरवर १०२ यायला हवेत. ५ डेसिबल गायब आहेत. कारण पंख्याचं तोंड ८० सेंटिमीटरचं आहे. १ मीटरवर उभं राहिलं की तो बिंदू राहतच नाही. तोंडाचा जवळचा काठ आणि लांबचा काठ, पंख्याचं पत्र्याचं अंग, नळी, प्रत्येकाचं अंतर वेगळं. व्यस्त वर्गाचा नियम ज्या एका 'r' वर उभा आहे, तो 'r' नेमका कुठून मोजायचा हेच तिथे ठरत नाही. स्रोताच्या सर्वांत मोठ्या मापाच्या काही पट लांब गेल्याशिवाय तो बिंदूसारखा वागत नाही.

हे ओळखायला सोपी तपासणी आहे. अंतर दुप्पट करत मोजत जायचं आणि दर पायरीला ६ पडतात का ते बघायचं. इथे १ मीटरवरून २ मीटरवर गेल्यावर फक्त ३ पडले, २ वरून ४ वर ५ पडले. ५ वरून १० वर मात्र ८८ चे ८२, मग २० वर ७६, ४० वर ७०. जिथे सहा-सहाची पडझड बसते तिथलं वाचन पायाला घ्यायचं, त्याच्या आतलं नाही. १ मीटरच्या ९७ तून ४४ वजा केले की ५३ येतात, हा गणिताचा दोष नव्हता. सूत्र जिथे लागू नाही तिथला आकडा त्यात घातला होता.

आता गंमत बघा. दुपारी आप्पांच्या अंगणात, भिंतीपासून चार मीटर पुढे, मीटर लावला. वाचन ५५. पंखा बंद केल्यावर ५०: महामार्गाची गाज, लांबचा ट्रॅक्टर, पोरं, कोंबड्या. पार्श्वभूमी इतकी जवळ असली की ती वजा करावी लागते, आणि तीही थेट आकड्यांतून नाही, आधी दोन्ही तीव्रतेत नेऊन. ० डेसिबलची तीव्रता हे एक एकक धरलं तर ५५ म्हणजे ३,१६,००० एकक, ५० म्हणजे १,००,०००. उरले २,१६,०००, म्हणजे ५३ डेसिबलच्या थोडं वर. शेठजींचा चेहरा खुलला. कागदावरचा ५३ आणि अंगणातला ५३ हुबेहूब जुळले होते.

जुळले ते योगायोगाने. माझ्या हिशोबाने ५८ यायला हवे होते, दुपारी ५ कमी आले. ते ५ कुठे गेले याची दोन कारणं आहेत. नांगरलेली भुसभुशीत जमीन आवाज थोडा खाते. शिवाय जमिनीला चाटून परावर्तित होणारी लाट सरळ येणाऱ्या लाटेला काही अंशी मारते. हे जवळ जाणवत नाही, दूर गेल्यावर जाणवतं. म्हणून ४० मीटरपर्यंत सहाचं गणित चोख बसलं आणि ४० वरून ८० वर जाताना एकदम ८ पडले. दुसरं कारण उन्हाचं. खानदेशात हिवाळ्यातही दुपारी जमीन तापते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम असते. आवाजाचा वेग दर अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे लाटेचा खालचा भाग पुढे पळतो, वरचा मागे राहतो, आणि लाट आकाशाकडे वळते. घराच्या डोक्यावरून आवाज निघून जातो.

रात्री हे उलटतं. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमीन झपाट्याने थंड. पहाटेपर्यंत जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने गरम राहते. आता लाटेचा वरचा भाग पुढे पळतो आणि आवाज खाली, घरांकडे वळतो. रात्री दोनला त्याच जागी मोजलं: ५७. पंखा बंद असताना ४१. फरक १६ चा, इतका असला की पार्श्वभूमी वजा केली काय आणि न केली काय, आकडा हलत नाही. म्हणजे पंख्याचा एकट्याचा आवाज दुपारपेक्षा ४ डेसिबलने चढला आणि भोवतालचा आवाज ९ ने उतरला. दुपारी पंखा पार्श्वभूमीच्या फक्त ३ वर होता, रात्री १६ वर. "दिवसा काही वाटत नाही, रात्रीच कसं ऐकू येतं यांना?" हा शेठजींचा टोमणा होता. उत्तर या दोन फरकांत आहे. मर्यादा ४५, वाचन ५७. आप्पा खरं बोलत होते.

सूत्राने दिलेला ५८ आणि रात्रीचा ५७ जवळ आले, म्हणून सूत्र रात्रीचं आणि दुपारी ते चुकतं असं नाही. सूत्र फक्त पसरण्याचं आहे. जमीन, वारा, तापमान हे त्यावरचे देणेघेणे. रात्रीच्या बाजूने ते जवळजवळ मिटतात, म्हणून रात्रीच्या तक्रारीसाठी कोरं सूत्र बऱ्यापैकी सुरक्षित अंदाज देतं. हवा स्वतःही आवाज शोषते, पण १६० मीटरवर ते मुख्यतः चिरक्या स्वरांना लागतं. घरापर्यंत पोचतं ते घुमणं. या पंख्याला ८ पाती, फेरे मिनिटाला १४४०, म्हणजे सेकंदाला २४. आठ चोवीस १९२. त्या १९२ हर्ट्झच्या सुराला आप्पांच्या घरातले सगळे 'घुंघुं' म्हणत.

उपायावर आलो तेव्हा शेठजींनी स्वतःहून मोठेपणा दाखवला. "पंखा प्लॉटच्या पार त्या टोकाला नेतो, ४० मीटर मागे. खर्च होऊ द्या." ऐकायला भारी वाटतं. १६० चे २०० झाले, गुणोत्तर १.२५, घट १.९ डेसिबल. आप्पांना फरक कळलासुद्धा नसता. हेच ४० मीटर पंख्याजवळ, म्हणजे ५ वरून ४५ मीटरवर गेलं तर १९ डेसिबल देतात. अंतराची कमाई पहिल्या काही मीटरमध्ये होऊन जाते. लांब गेल्यावर प्रत्येक ६ डेसिबलसाठी आधीच्या सगळ्या अंतराएवढं अंतर पुन्हा मोजावं लागतं. गावातल्या काहींची मागणी उलट होती, जिनिंगच हलवा. किती? ८८ तून ४५ वर यायला ४३ डेसिबल हवेत, म्हणजे अंतर ५ मीटरच्या १४१ पट, ७०० मीटर. या शिवारात कुठेही हलवलं तरी ७०० मीटरच्या आत दुसरं कुणाचं तरी घर येतं.

स्रोतावरची कपात मात्र अंतर बघत नाही. पंख्यावर १३ डेसिबल कमी केले की ५ मीटरवरही १३ कमी, १६० वरही १३ कमी. म्हणून तोंडाला सायलेन्सर बसवायचं ठरलं: आतून खनिज लोकरीचं अस्तर, वर भोकांचा पत्रा. जिनिंगमध्ये याची एक खास कटकट आहे. बाहेर पडणाऱ्या हवेत रुईची तंतुधूळ असते, ती भोकांवर चिकटते, आणि काही आठवड्यांत अस्तर नुसतं शोभेचं राहतं. म्हणून सायलेन्सर हवा गोल फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनच्या पुढे, धूळ पडून गेल्यावर बसवला, आणि लोकरीवर पातळ प्लास्टिकचा पडदा दिला. चिरक्या स्वरांचा थोडा फायदा त्यात जातो, पण अस्तर टिकतं.

बसवल्यावर ५ मीटरवर ७५. म्हणजे घराजवळ ५७ चे ४४ व्हायला हवेत. रात्री मोजलं तर ४८. "तेरा कमी व्हायचे होते, नऊच झाले," सरपंच म्हणाले. इथे पुन्हा बेरीज तीव्रतेत करावी लागते. ४८ म्हणजे ६३,००० एकक. पंख्याचे ४४ म्हणजे २५,०००, पार्श्वभूमीचे ४१ म्हणजे १२,६००. उरले २५,०००च्या आसपास, म्हणजे आणखी एक ४४ डेसिबलचा स्रोत कुठेतरी होता. तो आधीही होता, पण पंख्याच्या ५७ खाली तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पंखा बंद करून ४१ मोजले तेव्हा तोही थांबलेला होता.

तो स्रोत म्हणजे जिनांची रांग. शेडच्या गावाकडच्या बाजूला सुमारे ३० मीटर लांबीची शटरं, आणि उकाडा नको म्हणून ती रात्रभर उघडी. शटरांपासून ५ वरून १० मीटरवर गेलो तर आवाज ३ नेच पडला, ६ ने नाही. रांगेतला स्रोत जवळून रेषेसारखा वागतो. त्याची ऊर्जा गोलावर नाही, नळकांड्यावर पसरते, म्हणून दुप्पट अंतराला ३. महामार्गावरच्या ट्रकांच्या अखंड रांगेचं तेच, म्हणून ती गाज इतकी लांब येते. पण ३० मीटरची रांग ही संपणारी रांग आहे. तिच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांशापलीकडे गेलं की हळूहळू सहाचा नियम लागू होतो. १६० मीटरवरून ती पुन्हा बिंदूच.

शटरं रात्री दहानंतर गावाकडून बंद आणि शेताकडून उघडी ठेवायची, एवढ्यावर तो भाग १० ने उतरला. घराजवळ ४६. शेवटी पंख्याची पुली बदलून फेरे दहा टक्क्यांनी कमी केले. पंख्याचा आवाज फेऱ्यांबरोबर फार वेगाने चढतो-उतरतो, साधारण 50·log10 या हिशोबाने, त्यामुळे दहा टक्क्यांत २.३ डेसिबल मिळाले. कापूस ओढण्याचा वेग थोडा घटला. मुकादमाने कुरकुर केली आणि गंजी नळीच्या जवळ लावायला सुरुवात केली.

शेवटच्या रात्रीचं वाचन ४५ च्या जरा खाली, ४४.८. माझ्या मीटरची खात्री एका डेसिबलच्या आसपासची आहे, म्हणून अहवालात "मर्यादेच्या काठावर" असं लिहिलं, "मर्यादेत" असं नाही. त्या ४४.८ मधले १२,६०० एकक तर गावाच्या स्वतःच्या पार्श्वभूमीचे होते, ते कुठल्याही सायलेन्सरने कमी होणार नव्हते.

आप्पांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "आवाज कमी व्हयना भाऊ, पन ते घुंघुं अजून शे." तेही खरंच होतं. लोकरीचं अस्तर चिरके स्वर चांगले खातं, घुमणारे कमी. पुली बदलल्यावर सूर १९२ वरून १७३ हर्ट्झवर आला, म्हणजे आणखी खाली. 'ए' भारणी या पट्ट्यातून अकरा-बारा डेसिबल आधीच वजा करून दाखवते, त्यामुळे मीटरवर तो सूर लहान दिसतो आणि बंद खोलीत मोठा वाटतो. पुढच्या मोजणीत 'ए' ऐवजी खर्जापासून चिरक्यापर्यंत स्वरांच्या प्रत्येक पट्टीचं वेगळं वाचन घ्यायचं आणि त्या सुरासाठी वेगळी, कक्ष असलेली पेटी बसते का ते पाहायचं, असं शेठजींशी बोलणं झालं आहे. हंगाम फेब्रुवारीपर्यंत आहे.